उत्तर येत नसेल, तर आधी चुकीचे पर्याय शोधा

एप्रिल २०२४ मध्ये, १८ आणि १९ तारखेला, कर्नाटकात सीईटी झाली. पेपर हातात पडले तेव्हा बेंगळुरूपासून बेळगावपर्यंतच्या परीक्षा केंद्रांवर मुले गोंधळून गेली. काही प्रश्न अशा प्रकरणांवर होते, जी त्या वर्षी अभ्यासक्रमातून वगळलेली होती. पुढे बरीच ओरड झाली आणि चार विषयांच्या मिळून २४० प्रश्नांपैकी ५० प्रश्न गुण देताना धरायचे नाहीत, असे ठरले. पण हा निर्णय नंतरचा. त्या दिवशी वर्गात बसलेल्या मुलासमोर अनोळखी प्रश्न होता, त्याखाली चार पर्याय होते आणि घड्याळ चालू होते.

असा प्रसंग थोड्याफार प्रमाणात दरवर्षी येतो. प्रश्न अभ्यासक्रमातलाच असतो, पण धडा नीट झालेला नसतो, सूत्र आठवत नाही किंवा पर्यायातला एखादा शब्दच कधी ऐकलेला नसतो. अशा वेळी काही मुले प्रश्न सोडून देतात, काही डोळे मिटून एका पर्यायावर गोळा काळा करतात. या दोन्हींपेक्षा चांगला मार्ग आहे. तो शिकता येतो आणि घरच्या टेबलावर त्याचा सराव करता येतो.

आधी परीक्षेचा हिशेब समजून घ्या

कर्नाटकाची सीईटी घेणाऱ्या परीक्षा प्राधिकरणाचे कार्यालय बेंगळुरूच्या मल्लेश्वरममध्ये आहे. प्रत्येक विषयाला ६० प्रश्न, ६० गुण आणि ८० मिनिटे. म्हणजे एका प्रश्नाला सव्वा मिनिटापेक्षा किंचित जास्त वेळ. चुकीच्या उत्तराला गुण कापले जात नाहीत. त्यामुळे या परीक्षेत प्रश्न कोरा सोडणे म्हणजे गुण टाकून देणे. त्याला दुसरा अर्थ नाही.

समजा, एका विषयात १२ प्रश्न अजिबात येत नाहीत. डोळे मिटून खुणा केल्या तर सरासरीने त्यातले ३ बरोबर येतील. प्रत्येक प्रश्नातले दोन पर्याय खात्रीने बाद करता आले, तर सरासरी ६ वर जाते. एका विषयात ३ गुण जास्त म्हणजे भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि गणित मिळून १८० पैकी ९ गुण, म्हणजे ५ टक्के. अभियांत्रिकीच्या क्रमवारीत सीईटीचे आणि दुसऱ्या पीयूच्या याच विषयांचे गुण निम्मे-निम्मे धरतात, तेव्हा हातात अडीच टक्के पडतात. जिथे अर्ध्या टक्क्यात अनेक मुले दाटीने उभी असतात, तिथे हे अडीच टक्के कमी नाहीत.

सगळ्या परीक्षा अशा नसतात. नीटमध्ये आणि जेईई मेनच्या बहुपर्यायी प्रश्नांत बरोबर उत्तराला ४ गुण मिळतात आणि चुकीला १ कापतात. तिथे चारही पर्याय शिल्लक असताना केलेल्या अंदाजाने सरासरीने जेमतेम पाव गुण हाती लागतो आणि नशीब फिरले तर बरेच गुण जातात. एक पर्याय बाद केला की सरासरी फायदा दोन तृतीयांश गुणापर्यंत जातो, दोन बाद केले की दीड गुणापर्यंत. म्हणून ‘अंदाजाने काही लिहू नकोस’ हा घरातल्या वडीलधाऱ्यांचा सल्ला सीईटीसाठी सरळ चुकीचा आहे, आणि नीटसाठीही तो अर्धाच बरोबर आहे. मुलाला सल्ला देण्याआधी पालकांनी त्या वर्षीच्या माहितीपुस्तिकेत गुण कापण्याचा नियम स्वतः वाचावा.

जोड्या लावा : कुठून सुरुवात करायची?

पाच-सहा वर्षांचे पेपर शेजारी ठेवले की एक गोष्ट दिसते. प्रश्न बदलतात, पण त्यांचे साचे फारसे बदलत नाहीत. जोड्या लावा, विधान आणि कारण, दोन विधानांपैकी कोणते खरे, सूत्र ओळखा, गटात न बसणारा शोधा. प्रत्येक साच्याची बाद करण्याची पद्धत वेगळी आहे. सर्वांत जास्त फायदा जोड्यांच्या प्रश्नात होतो, म्हणून तो सावकाश पाहू.

समजा, जीवशास्त्रात चार ग्रंथी दिल्या आहेत : थायरॉईड, स्वादुपिंड, पिनिअल आणि ॲड्रेनल. समोर चार संप्रेरके आहेत : १. मेलाटोनिन, २. थायरॉक्सिन, ३. ॲड्रेनलिन, ४. इन्सुलिन. पर्याय असे :

अ) थायरॉईड २, स्वादुपिंड ४, पिनिअल ३, ॲड्रेनल १
ब) थायरॉईड २, स्वादुपिंड ४, पिनिअल १, ॲड्रेनल ३
क) थायरॉईड ४, स्वादुपिंड २, पिनिअल १, ॲड्रेनल ३
ड) थायरॉईड २, स्वादुपिंड १, पिनिअल ४, ॲड्रेनल ३

बहुतेक मुले पहिल्या ओळीपासून सुरू करतात. थायरॉईडचे थायरॉक्सिन, हे नावावरूनच कळते. पण त्याने काय साधले? अ, ब आणि ड या तिघांतही थायरॉईडसमोर २ आहे. म्हणजे फक्त क बाद झाला. ॲड्रेनलचे तसेच. ब, क आणि ड या तिघांतही ३ आहे, त्यामुळे तिथेही एकच पर्याय जातो.

आता स्वादुपिंडाकडे पाहा. तिथे अ आणि ब मध्ये ४ आहे, क मध्ये २ आणि ड मध्ये १. स्वादुपिंडातून इन्सुलिन येते हे घरात कोणाला मधुमेह असेल तर लहान मूलही सांगेल. या एका माहितीने क आणि ड दोन्ही गेले. उरले अ आणि ब. त्यांच्यात फरक फक्त पिनिअल आणि ॲड्रेनलचा. ॲड्रेनलचे ॲड्रेनलिन म्हटले की अ गेला आणि ब उत्तर ठरले. पिनिअल ग्रंथी कुठे असते आणि मेलाटोनिन काय करते, हे माहीत नसतानाही प्रश्न सुटला.

तेव्हा या साच्यात स्तंभ वाचल्यावर लगेच जोड्या लावायला बसू नये. आधी पर्यायांकडे नजर टाकावी आणि कोणत्या ओळीत पर्याय सर्वांत जास्त फुटलेले आहेत ते पाहावे. त्या ओळीतली जोडी माहीत असेल तर तिथून सुरुवात करावी. सरावात ही नजर आठ-दहा प्रश्नांत तयार होते.

मुलांमध्ये आणखी एक क्लृप्ती फिरत असते. ज्या पर्यायातल्या जोड्या इतर पर्यायांत जास्तीत जास्त वेळा दिसतात, तोच बरोबर. वरच्या उदाहरणात ती चालते, आणि का चालते तेही समजण्यासारखे आहे. प्रश्न काढणारा आधी बरोबर उत्तर लिहितो आणि मग त्यातल्या एक-दोन जोड्या बदलून चुकीचे पर्याय तयार करतो. साहजिकच बरोबर जोड्या पुन्हा पुन्हा येतात. पण अनुभवी परीक्षकांनाही हे ठाऊक असते आणि ते एखादी चुकीची जोडी मुद्दाम तीन पर्यायांत पेरतात. त्यामुळे ही क्लृप्ती अगदी शेवटी, दुसरे काहीच हाताशी नसेल तेव्हाच वापरावी. माहितीच्या विरुद्ध तर कधीच वापरू नये.

सूत्र आठवत नाही तेव्हा

भौतिकशास्त्रात पर्याय म्हणून चार सूत्रे दिलेली असतात आणि खरे सूत्र डोक्यातून निसटलेले असते. एक उदाहरण घेऊ. विहिरीवर असते तशी कप्पी आहे, दोरीच्या दोन टोकांना m1 आणि m2 ही वस्तुमाने बांधली आहेत आणि m1 जड आहे. घर्षण आणि दोरीचे वजन सोडून द्या. ती किती त्वरणाने सरकतील?

अ) (m1 + m2)g / (m1 − m2)
ब) (m1 − m2)g / (m1 + m2)
क) m1·m2·g / (m1 + m2)
ड) m1·g / (m1 + m2)

पहिली चाचणी एककांची. त्वरण हवे आहे, म्हणजे उत्तरात g उरला पाहिजे आणि वस्तुमाने एकमेकांत कटली पाहिजेत. क मध्ये वर दोन वस्तुमाने आहेत आणि खाली एकच. वस्तुमान गुणिले g म्हणजे बल झाले, त्वरण नव्हे. क गेला. याला दहा सेकंद पुरतात.

दुसरी चाचणी टोकाच्या परिस्थितीची. समजा, m2 शून्य आहे, म्हणजे दुसऱ्या टोकाला काहीच बांधलेले नाही. मग m1 सरळ खाली पडेल आणि त्वरण g असेल. पर्यायांत m2 = 0 घालून पाहा. अ मध्ये g येतो, ब मध्ये g येतो, ड मध्येही g च येतो. तिघेही पास! इथे बरेच विद्यार्थी घाबरून चाचणीच सोडून देतात. चाचणी चुकीची नव्हती, तिने फक्त काही वेगळे करून दाखवले नाही. दुसरे टोक घ्या. दोन्ही वस्तुमाने सारखी असतील तर तराजू स्थिर, त्वरण शून्य. आता अ मध्ये खाली शून्य येते आणि उत्तर अनंताकडे पळते. ड मध्ये g चा निम्मा येतो. शून्य फक्त ब देतो. सूत्र न आठवता उत्तर मिळाले, आणि तेही अंदाजाने नव्हे.

गणितात हेच काम आकडे घालून होते. १ गुणिले १!, अधिक २ गुणिले २!, असे n पर्यंत बेरीज करत गेल्यास उत्तर काय, असा प्रश्न आला आणि पर्याय (n+1)!, (n+1)! − 1, n·n! आणि (n+1)! + 1 असे आहेत. n = 1 घातले तर बेरीज १ येते. पहिला पर्याय २ देतो आणि चौथा ३ देतो, म्हणून दोन्ही गेले. दुसरा आणि तिसरा मात्र दोघेही १ देतात. n = 2 घातले तर बेरीज १ अधिक ४, म्हणजे ५. दुसरा ५ देतो, तिसरा ४. दुसरा बरोबर.

यात एक खाचखळगा आहे. मुले हिशेब सोपा म्हणून ० किंवा १ घालतात आणि ज्या पहिल्या पर्यायाचे उत्तर जुळते त्यावर खूण करून मोकळी होतात. पण ० आणि १ हे असे आकडे आहेत, की त्यांच्यापाशी बरीच वेगवेगळी सूत्रे एकच उत्तर देतात. जमेल तिथे २ किंवा ३ घ्यावा. आणि एक पर्याय जुळला तरी बाकीचे तिन्ही तपासून बाद झाल्याशिवाय थांबू नये.

‘कारण’ लावून वाचा

विधान आणि कारण या साच्यात चार पर्याय ठरलेले असतात : दोन्ही खरी आणि कारण बरोबर, दोन्ही खरी पण कारण ते नव्हे, विधान खरे पण कारण खोटे, विधान खोटे. खरी गंमत पहिल्या दोन पर्यायांत आहे.

विधान : उंच डोंगरावर उघड्या पातेल्यात भात शिजायला जास्त वेळ लागतो. कारण : उंचीवर पाणी कमी तापमानाला उकळते. दोन्ही खरी, आणि कारणही तेच. समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीवरच्या बेंगळुरूतसुद्धा पाणी १०० अंशांच्या जरा अलीकडे, ९७ अंशांच्या आसपास उकळते. आता कारणाच्या जागी ‘उंचीवर हवेत प्राणवायू विरळ असतो’ असे वाक्य ठेवा. तेही खरेच आहे. पण भाताशी त्याचा काही संबंध नाही. घाईत वाचणारा मुलगा दोन्ही वाक्ये खरी पाहून पहिल्या पर्यायावर खूण करतो. दोन वाक्यांच्या मध्ये ‘कारण’ हा शब्द घालून मनात एकदा पूर्ण वाचले, की जोड तुटलेली लगेच जाणवते.

शब्दांवरून बाद करण्याची सवय मात्र धोक्याची आहे. ‘सर्व’, ‘नेहमी’, ‘फक्त’ असे शब्द आले की वाक्य खोटे, हा नियम शिकवणी वर्गांतून मुलांच्या डोक्यात पक्का बसतो. ‘सर्व एंझाइम प्रथिने असतात’ हे वाक्य खोटे आहे, कारण काही आरएनए रेणूही एंझाइमचे काम करतात. पण ‘सर्व कॉर्डाटा प्राण्यांत आयुष्याच्या कोणत्या ना कोणत्या अवस्थेत नोटोकॉर्ड असतो’ हे वाक्य अगदी खरे आहे. ‘सर्व’ दिसला म्हणून ते खोडले तर गुण गेला. जो पर्याय खोडायचा, त्याच्याविरुद्ध एक ठोस उदाहरण किंवा एक ठोस कारण हातात हवे. नुसते ‘वाटते’ म्हणून खोडू नये.

‘तीन अनोळखी पर्याय असतील तर क वर खूण कर’ यालाही काही आधार नाही. सीईटीच्या प्रश्नपत्रिका वेगवेगळ्या क्रमाच्या अनेक आवृत्त्यांत वाटल्या जातात, त्यामुळे अक्षरांच्या क्रमात काही गुपित शोधणे व्यर्थ आहे.

सराव कसा करायचा?

जुने पेपर बेंगळुरूत ॲव्हेन्यू रोडवरच्या दुकानांत मिळतात, तसेच इतर गावांत मोठ्या पुस्तकांच्या दुकानांत. पण ते सोडवायला घेण्याआधी यंदाचा अभ्यासक्रम शेजारी ठेवून वगळलेल्या प्रकरणांवरचे प्रश्न पेन्सिलीने बाजूला काढावेत. २०२४ चा गोंधळ नेमका याच मुद्द्यावर झाला होता.

मग एक पेपर ८० मिनिटांत सोडवताना प्रत्येक प्रश्नासमोर तीनपैकी एक खूण करावी. सरळ आला तर बरोबरची खूण, पर्याय बाद करून दोनांवर आला तर ‘२’, आणि काहीच सुचले नाही तर प्रश्नचिन्ह. कोणते पर्याय खोडले तेही लिहून ठेवावे. एवढे केल्याशिवाय नुसते एकूण गुण पाहून काहीही कळत नाही.

समजा, एका मुलीच्या जीवशास्त्राच्या पेपरचा हिशेब असा निघाला : सरळ आलेले ३४, त्यातले ३१ बरोबर. ‘२’ ची खूण असलेले १६, त्यातले ६ बरोबर. प्रश्नचिन्हाचे १०, त्यातले ३ बरोबर. एकूण ४०. आई-वडील म्हणतील, चाळीस गुण ठीक आहेत, अजून वाचायला हवे. पण खरी बातमी मधल्या आकड्यात आहे. दोन पर्याय उरले असताना नाणे उडवले तरी १६ पैकी सरासरीने ८ बरोबर यायला हवेत. इथे ६ च आले. एक-दोनाचा फरक नशिबाचाही असू शकतो, म्हणून खोडलेले पर्याय तपासायचे. तपासले तेव्हा दिसले, की १६ पैकी ५ प्रश्नांत तिने बरोबर उत्तरच खोडून टाकले होते. आणि त्या पाचांतले चार ‘सर्व’ किंवा ‘नेहमी’ या शब्दांवरून खोडलेले होते. म्हणजे अडचण वाचनाची नव्हती, एका चुकीच्या नियमाची होती. तो नियम टाकून द्यायचा आणि पुढच्या पेपरात खोडलेल्या प्रत्येक पर्यायासमोर दोन शब्दांत कारण लिहायचे. असे तीन-चार पेपर झाले, की कोणत्या साच्यात हात सुरक्षित आहे आणि कोणत्यात नाही, हे कागदावरच दिसू लागते.

खोडलेल्यांत बरोबर उत्तर जवळजवळ कधीच सापडत नाही, पण दोनांतून निवडताना मात्र वारंवार चुकते, असेही होते. तो वेगळा आजार आहे. अशा वेळी उरलेल्या दोन पर्यायांमध्ये नेमका फरक काय, तेवढाच मुद्दा पुस्तकात उघडून वाचावा. अख्खे प्रकरण पुन्हा वाचायची गरज नसते. आणि प्रश्नचिन्हांची संख्या एखाद्या विषयात वीसच्या पुढे असेल, तर पर्याय खोडण्याचा सराव बंद करून आधी अभ्यास करावा. ज्या धड्यातले काहीच ठाऊक नाही, तिथे बाद करायलाही काही हाताशी नसते.

प्रत्यक्ष परीक्षेत उत्तरपत्रिकेवरचे गोळे बॉलपेनने काळे करावे लागतात, ते पुसता येत नाहीत. म्हणून पहिल्या फेरीत फक्त सरळ येणारे प्रश्न भरावेत. दोनांवर अडलेल्या प्रश्नाचा क्रमांक आणि उरलेली अक्षरे कच्च्या कामाच्या जागेत टिपावीत, जसे ‘२७ – ब, ड’. दुसऱ्या फेरीत या टिपणाकडे वळावे, म्हणजे प्रश्न पुन्हा पहिल्यापासून सोडवावा लागत नाही. शेवटची पाच मिनिटे राखून ठेवावीत. त्यात उरलेले सगळे गोळे भरायचे आणि भरताना प्रश्नाचा क्रमांक व उत्तरपत्रिकेवरची ओळ दर वेळी बोट ठेवून जुळवायची. मध्ये एक प्रश्न सोडला आणि ओळ सरकली, तर पुढची सगळी उत्तरे एकेक घर सरकतात.